गण-गवळण इंग्रजीत नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, मोडनिंब, अक्कलकोट या भागातल्या लोकनाट्य मंडळींकडून आणि युवा महोत्सवातून पुढे आलेल्या पोरांकडून गेल्या काही काळात तेच तेच प्रश्न येत आहेत. बाहेरच्या महोत्सवाचं बोलावणं आलेलं असतं, प्रेक्षक इंग्रजी समजणारा असतो आणि हातात रात्रभर रंगणारा खेळ असतो. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उदाहरणं गवळणीची आहेत, कारण गाणं, सोंग आणि प्रेक्षकांशी थेट बोलणं या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी तिथेच येतात. गवळण जमली की बाकीचं जमतं.

सगळा खेळ इंग्रजीत करायचा की मराठीत करून वर पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवायच्या?

दोन्ही नको. आधी कोण कोणाशी बोलतंय ते बघा. गण देवाशी बोलतो, तो मराठीतच राहू द्या. गवळणी आपापसात गातात, तेही मराठीत चालतं. सोंगाड्या, पेंद्या आणि मावशी मात्र अर्धा वेळ एकमेकांशी आणि अर्धा वेळ समोरच्या माणसांशी बोलतात. समोरच्या माणसांना इंग्रजी समजतं, तर त्यांच्याशी बोलायची भाषा इंग्रजी. एवढा एक नियम धरला तरी निम्मे वाद मिटतात.

आपल्या मंडळींना हे नवीन नाही. अक्कलकोटच्या पुढे सीमेकडच्या गावात खेळ लागला की सोंगाड्या आपोआप बतावणीत कानडी घालायला लागतो. पोत्यावर बसलेली माणसं कानडी असतात म्हणून तो ते करतो, त्यासाठी कोणी संहिता बदलून देत नाही. लावणी मात्र तो कानडीत गात नाही. इंग्रजीसाठीही हीच वाटणी ठेवा.

गाणी मराठीत ठेवली तर लोकांना काय कळणार?

शब्द कळणार नाहीत, पण प्रसंग कळला पाहिजे, आणि तो गाण्याच्या आधी कळला पाहिजे. गवळणीचा प्रसंग अगदी सोपा आहे. बायका दूध-दही-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्या आहेत आणि वाटेत कृष्ण आणि त्याचा सवंगडी दाण मागायला उभे आहेत. हे सांगायला दोन वाक्यं पुरतात आणि ती पेंद्याच्या तोंडी द्यावीत: “माय बॉस इज गॉड. गॉड लाइक्स बटर.” यात कृष्ण कोण, पेंद्या कोण, मागणी काय आणि सूर कुठला, सगळं आलं. कार्यक्रमपत्रिकेत पानभर माहिती छापतात, ती प्रेक्षक खेळ संपल्यावर गाडीत वाचतो.

यानंतर गाणं सुरू झालं की अडवणूक, लाडीगोडी, रुसवा हे चेहऱ्यावर आणि पावलात दिसतं. पडद्याची सोय असेल तर एका कडव्याला एकच ओळ दाखवा, आशयाची. प्रत्येक ओळीचं भाषांतर वर पळत असलं की माणूस नाच बघायचं सोडून वाचत बसतो.

झिलकऱ्यांचं “जी जी रं जी” मात्र प्रेक्षकांकडून म्हणून घ्या. ते शिकवायला मिनिटही लागत नाही आणि पुढचा सगळा खेळ त्यांना स्वतःचा वाटतो. गणाच्या आधी शिकवू नका, गणात टवाळी बसत नाही. गण संपला, गवळणीची ढोलकी सुरू झाली की मग.

आमच्या बतावणीला लिहिलेली संहिताच नाही. मग इंग्रजीत आणायचं काय?

आधी मराठीतलेच तीन-चार वेगवेगळे प्रयोग रेकॉर्ड करा. मोबाइल पहिल्या रांगेत ठेवून केलेलं रेकॉर्डिंग चालतं, मात्र प्रेक्षकांचा आवाज त्यात आला पाहिजे. मग ते शब्दशः उतरवून घ्या आणि कुठे हशा आला तिथे खूण करा. सगळ्या प्रयोगांत ज्या खुणा त्याच जागी पडतात ते तुमचे थांबे. एसटीसारखं आहे हे, थांबे ठरलेले, मधला रस्ता त्या दिवशीच्या गर्दीवर. इंग्रजीत फक्त थांबे पक्के करायचे.

पुढची पायरी बहुतेक जण उलटी करतात. इंग्रजी चांगलं असलेल्या प्राध्यापकाला किंवा पुतण्याला बसवून संवाद लिहून घेतात आणि सोंगाड्याला पाठ करायला देतात. ते वाक्य बरोबर असतं आणि तोंडात मेलेलं असतं. त्याऐवजी सोंगाड्यालाच सांगा, “हा प्रसंग तुला येईल त्या इंग्रजीत मला सांग.” तो अडखळेल, हातवारे करेल, तीन शब्दांत काम भागवेल. तेच उतरवून घ्या. इंग्रजी जाणणाऱ्याने फक्त ज्याचा अर्थच लागत नाही किंवा भलताच लागतो तेवढं दुरुस्त करायचं. व्याकरणाला हात लावायचा नाही. सोंगाड्या मराठीतही कधी शुद्ध बोलत नव्हता.

एखादा तुकडा प्रत्यक्ष करून दाखवाल का?

दाण मागण्याचा तुकडा घेऊ. मराठीत तो साधारण असा चालतो:

पेंद्या: थांबा गं! दाण दिल्याबगर पुढं जायचं न्हाई.
मावशी: दाण मागतोस का दान? दान मागायचं तर झोळी कुठाय मुडद्या?
पेंद्या: दुधाचं दाण, दह्याचं दाण, लोण्याचं दाण.
मावशी: आन् ताकाचं?
पेंद्या: ताक फुकट. सोलापूरचं ऊन हाय बे, दोन गिलास हिकडं आण.

इथे दोन थांबे आहेत, दाण-दानची कोटी आणि ताक. कोटी इंग्रजीत येत नाही, ती सोडा. ताकाचा विनोद सोलापूरच्या उन्हावर उभा आहे आणि समोरची माणसं स्वेटर घालून बसलेली असू शकतात, म्हणून तोही सोडा. उरतं काय? ज्याला अधिकार नाही असा माणूस रस्ता अडवून पैसे मागतोय आणि बाई त्याला उलटतपासणी करतेय. हे जगात कुठेही कळतं. त्यावर नव्याने उभा केलेला तुकडा असा:

पेंद्या: स्टॉप! टोल टॅक्स.
मावशी: टोल? व्हेअर इज द रोड?
पेंद्या: रोड इज कमिंग. टोल हॅज कम फर्स्ट.

इथे हलगीचा एक तुकडा आणि थांबा. मग पेंद्या समोर वळतो:

पेंद्या: यू सर! यू पेड टु कम हिअर?
प्रेक्षक: येस.
पेंद्या: सी, मावशी? ही पेड. अँड ही गॉट नो बटर.

शेवटचा भाग मुद्दाम बघा. प्रेक्षकाला विचारलेला प्रश्न असा आहे की उत्तर “हो” आलं तरी चालतं, “नाही” आलं तरी चालतं. “नो” आलं तर मावशी म्हणते, “पेंद्या, लीव्ह अस. गो कॅच हिम.” कोणी काहीच बोललं नाही तर पेंद्या म्हणतो, “ही इज थिंकिंग. ही इज फ्रॉम द गव्हर्नमेंट.” प्रेक्षकांना विचारायच्या प्रत्येक प्रश्नाला अशी तीन उत्तरं तयार ठेवा: हो, नाही आणि गप्प. मराठीत सोंगाड्याला ही तयारी लागत नाही, डोक्यात साठा असतो. इंग्रजीत तो साठा रिकामा असतो आणि अनपेक्षित उत्तर आलं की माणूस गोठतो. तालमीत मंडळातल्याच लोकांना प्रेक्षक करून मुद्दाम वाकडी उत्तरं द्यायला लावा.

कुठले विनोद टिकतात, कुठले टाकून द्यायचे?

वरच्या तुकड्यातली चाळणी सगळीकडे लावता येते. शब्दावर उभा असलेला विनोद जातो. गावावर, पुढाऱ्यावर, उसाच्या बिलावर उभा असलेला विनोदही जातो, पण त्याची जागा रिकामी ठेवा आणि ज्या गावात खेळ आहे तिथलं काहीतरी सकाळी फिरून शोधून तिथे घाला. पाऊस, पार्किंग, चहाची किंमत, एवढं पुरतं. तिथलं राजकारण मात्र नको, कुठे कोणाला काय लागेल ते आपल्याला कळत नाही.

सोंगावर आणि देहबोलीवर उभा असलेला विनोद जवळपास तसाच राहतो. द्वयर्थी बोलणं हा वेगळा भाग आहे. मराठीत त्याची गंमत झाकण्यात असते, एक अर्थ सरळ आणि दुसरा ऐकणाऱ्याच्या मनात. इंग्रजीत आणताना झाकण निघतं आणि नुसती अश्लीलता उरते. ते झाकून ठेवता येत नसेल तर काढा. कुटुंबासाठीच्या वेळेत खेळ असेल तर आयोजक वयोगट विचारतात, तेव्हा खरं काय ते सांगा.

आम्हाला गवळणीचं ध्रुवपद तरी इंग्रजीत गायचंय. शब्द ढोलकीवर बसत नाहीत. का?

कारण मराठीत ओढायला स्वर मोकळा असतो आणि शब्दातला जोर हलवला तरी अर्थ बिघडत नाही. इंग्रजी शब्दाचा जोर मात्र ठरलेला असतो. ‘मार्केट’मध्ये तो ‘मार’वर आहे. ढोलकीची थाप ‘केट’वर पडली तर ऐकणाऱ्याला तो शब्दच लागत नाही. शिवाय ओळ ‘ट’वर संपली की झिलकऱ्यांना ओढायला काही उरत नाही. त्यांना ‘जी’, ‘गं’, ‘रं’ची सवय.

आठ मात्रांच्या ठेक्यावर ओळ अशी बसवा की पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी मात्रा जोराच्या अक्षरावर येईल आणि शेवट मोकळ्या स्वरावर होईल. उदाहरणार्थ, “ओपन द रोड अँड लेट अस गो.” पहिल्या मात्रेवर ‘ओ’, दुसरीत ‘पन द’ दोन्ही अर्ध्या-अर्ध्या, तिसरीवर ‘रोड’, चौथीवर ‘अँड’, पाचवीवर ‘लेट’, सहावीवर ‘अस’, सातवीवर ‘गो’ आणि आठवीत तो ‘ओ’ लांबवायचा. ढोलकीवाल्याला काहीही बदलावं लागत नाही. आता हीच गोष्ट “वी आर गोइंग टु द मार्केट” अशी म्हणून बघा. ‘वी’वर थाप दिली तर पुढचे शब्द पळवावे लागतात आणि शेवटी ‘केट’ आपटतो.

ओळ बसली की नाही ते ओळखायची सोपी खूण आहे. ढोलकीवाल्याला इंग्रजी येत नसेल तर उत्तम, त्याला विचारा. तो ठेका न बदलता डोळे मिटून वाजवू शकला तर बसली. त्याने प्रत्येक वेळी थोडं थांबून तुमच्याकडे बघितलं तर नाही बसली.

इंग्रजी फक्त ध्रुवपदात ठेवा. कडवी मराठीतच. अख्खी गवळण इंग्रजीत केली की ती शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी ऐकू येते, हे माझं मत आहे आणि मी ते बदललेलं नाही.

विनोद बरोबर आहे, तरी हशा उशिरा येतो किंवा येतच नाही. काय चुकतं?

पडद्यावर ओळी असतील तर आधी तिकडे बघा. पेंद्या वाक्य पुरं करायच्या आत वर पूर्ण वाक्य झळकलं असेल तर माणसं आधीच हसून मोकळी झालेली असतात किंवा ऐकायची उत्सुकता संपलेली असते. बतावणीला पडदा कोरा ठेवा. ऐनवेळचं बोलणं तसंही त्यात आधी भरता येत नाही.

पडदा नसेल तर वेगाचा प्रश्न आहे. महोत्सवातल्या अनेकांची इंग्रजी ही दुसरी भाषा असते, शिवाय आपला उच्चार त्यांना नवा असतो. म्हणून शेवटचा शब्द तुटक, मोठा आणि हलगीच्या आधी आला पाहिजे. हलगी शब्दावर चढली की शब्द गेला. आपल्याकडे हलगीवाला अंदाजाने मारतो कारण त्याला विनोद माहीत असतो. इंग्रजीत त्याला वाक्य न कळल्यामुळे तो घाई करतो. त्याला अर्थ समजावू नका, शेवटचा शब्द पाठ करायला लावा: ‘फर्स्ट’ ऐकलं की मार, ‘बटर’ ऐकलं की मार.

हलगी तिकडे वाजतच नाही असं ऐकलंय. खरं का?

गार आणि दमट हवेत चामडं सैल पडतं आणि कडक आवाजाऐवजी भद्द आवाज येतो. आपण जाळावर शेकतो, नाट्यगृहात जाळ करू देत नाहीत. विंगेत विजेचा छोटा हीटर मागून घ्या, तोही आधी विचारून, आणि दोन हलग्या आलटून पालटून वापरा. फायबरच्या पानाची हलगी हवेने उतरत नाही, पण तिचा आवाज चिरका लागतो. आणीबाणीसाठी ती जवळ असावी.

रात्रभराचा खेळ तासाभरात कसा बसवायचा?

वग सोडून द्या. ऐकायला कठोर वाटेल, पण वगाला कथानक लागतं, कथानकाला बोलणं लागतं आणि ते सगळं इंग्रजीत नेणं म्हणजे दुसरंच नाटक लिहिणं. तासाभराच्या वेळेत मंच लावणं-उतरवणं बहुधा वेगळं धरलेलं असतं, ते आयोजकांना विचारून घ्या. हातात पंचावन्न मिनिटं आली तर गण पाच, गवळण आणि त्यातली बतावणी तीस, दोन लावण्या पंधरा आणि शेवट पाच, असं ढोबळ धरा. हशा आणि टाळ्या यांना यातच जागा आहे. तालमीत पंचावन्न मिनिटं लागली तर प्रयोगात पासष्ट लागतील.

मावशीचं काम पुरुषच करतो. तिकडे ते खटकेल का?

पुरुषाने बाईचं सोंग घेणं त्यांच्याकडेही जुनं आहे, त्यामुळे तेवढ्याने खटकत नाही. खटकतं ते त्या सोंगावरच विनोद केल्याने. मावशीच्या मिशीवर, छातीवर, आवाजावर पेंद्याने मारलेले टोमणे आपल्याकडे चालून जातात. इंग्रजीत तेच बोललं की समोरच्याला वाटतं, बाईची किंवा वेगळ्या माणसाची टर उडवताय. मावशीची खरी ताकद तिच्या उद्धटपणात आहे: ती देवालाही हिशेब विचारते. विनोद तिने करावा, तिच्यावर होऊ नये. वरच्या तुकड्यात प्रश्न ती विचारते, ते त्यासाठीच.

प्रेक्षकाला मंचावर ओढलं तर चालेल? आणि दौलतजादा?

ओढू नका, बोलवा. अंगाला हात न लावता हात पुढे करा, नाही म्हणाला तर लगेच दुसऱ्याकडे वळा आणि त्या नकारावर विनोद करू नका. आधीपासून हसत असलेला माणूस निवडा. हात बांधून मागे टेकलेला माणूस निवडायचा मोह सोंगाड्याला होतोच, पण आपल्या भाषेत त्याला खुलवता येतं, परक्या भाषेत नाही.

दौलतजादा पैशाच्या रूपात बहुतेक महोत्सवांत चालणार नाही आणि नोटा उधळण्याचा तिथे वेगळाच अर्थ लागतो. त्यातला नाव पुकारण्याचा भाग मात्र सोन्यासारखा आहे. गवळण चालू असताना कोणीतरी पहिल्या रांगेत नाव विचारून यावं आणि लावणीआधी शाहिराने ते पुकारावं, फर्माईश म्हणून: “दिस साँग इज ऑर्डर्ड बाय डेव्हिड. डेव्हिड डज नॉट नो इट.” पैसे नकोत, नाव पुरतं. हो-नाही-गप्प ही तयारी इथेही लागते, ती वर दाण मागण्याच्या तुकड्यात सांगितली आहे.

गाणी आणि बतावणी कोणाची, परवानगी कोणाची घ्यायची?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणाचा हक्क राहतो आणि भाषांतर करण्याचा हक्कही त्यातच येतो. राम जोशी सोलापूरचेच, पेशवाईतले. त्यांच्या रचनांना आता कोणाची परवानगी लागत नाही. सिनेमातल्या लावणीचं तसं नाही. हयात लेखकाचं किंवा अलीकडे वारलेल्या लेखकाचं गाणं असेल तर लेखी परवानगी घ्या आणि त्यात ‘इंग्रजी रूपांतर’ हे शब्द स्पष्ट असू द्या. महोत्सववाले गाण्यांची यादी मागतात, त्यात खरं लिहा.

बतावणीबाबत कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. इंग्रजी तुकडे सोंगाड्याच्या तोंडून उतरवले असतील (संहितेचा प्रश्न बघा), तर रूपांतरकार म्हणून त्याचं नाव पत्रिकेत आणि करारात आलं पाहिजे. नाव फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याचं येतं, असं मी पाहिलंय.

समोर निम्मे प्रेक्षक मराठीच निघाले तर?

बाहेरच्या महाराष्ट्र मंडळांची माणसं येतातच. ती मराठी ओळीला आधी हसतात आणि शेजारचे गोंधळतात, आपण काय चुकवलं म्हणून. सोंगाड्याचा तोल इथे जातो. मराठी हशा मिळाला की तो मराठीतच रमतो आणि उरलेले अर्धे गमावतो.

यावर चालणारा उपाय एकच दिसला. त्या माणसांना कामाला लावा. मावशी एखादी ओळ मुद्दाम मराठीत टाकते, मराठी मंडळी हसतात, की पेंद्या त्यांच्यातल्याच एकाकडे वळतो: “व्हाय आर यू लाफिंग? टेल हिम.” शेजारी बसलेला माणूस खरंच सांगायला लागतो, कसाबसा, आणि त्या सांगण्यावर सगळा मांडव हसतो. हे खेळात दोनदाच करा. तिसऱ्यांदा केलं की सांगणाऱ्याला वैताग येतो. आणि ती ओळ साधी ठेवा: घरच्या भाकरीची, सासूची, एसटी चुकल्याची. दाण-दानसारखी कोटी त्याला सांगायला दिली तर तो बिचारा तिथेच अडकून बसेल आणि ढोलकीवाला वाट बघत राहील.